कॅमेरा पाहून आखडणाऱ्या जोडप्याला पहिल्या पानावर काय सांगायचं?

प्रश्न : सातारा जिल्ह्यात पाच वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. आता स्वतःची वेबसाइट केली आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, "आम्ही तुमच्या आयुष्यातले सोनेरी क्षण कायमचे जपतो. प्रत्येक हसू, प्रत्येक अश्रू नैसर्गिकपणे टिपणं हेच आमचं पॅशन. कॅमेऱ्यासमोर लाजता? काळजी सोडा, सगळं आमच्यावर सोपवा!" कॅंडिड मला चांगलं जमतं, म्हणून लाजरीबुजरी जोडपी माझ्याकडे यावीत असं वाटतं. पण फोन येतात ते फक्त "रेट काय?" विचारणारे. बरोबर एक सहकारी मुलगी असते, ड्रोन नाही. परिचयात काय बदलू?

उत्तर :

सगळ्यात आधी "काळजी सोडा" काढा. घाबरलेल्या माणसाला काळजी सोडा म्हटलं की त्याला एवढंच कळतं, की आपली काळजी नेमकी कसली आहे हे समोरच्याला ठाऊक नाही. आणि खरंच, तुमच्या चारही वाक्यांत ती कुठे दिसत नाही. तुम्ही काय जपता, तुमचं पॅशन काय, हे सगळं तुमच्याबद्दल आहे. ते वाचणाऱ्या मुलीच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो : हा माणूस त्या दिवशी माझ्याशी कसा वागेल?

मी मिरजेत राहते आणि अठरा वर्षं सांगली-कोल्हापूरकडच्या लग्नांचे फोटो काढतेय. फोनवर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य आहे, "माझे फोटो चांगले येत नाहीत हो." पूर्वी मी त्यावर "येतील येतील" म्हणायचे. आता विचारते, कुठला फोटो? तो पाठवा.

तासगावकडच्या एका मुलाने असेच साखरपुड्याचे फोटो पाठवले होते. पोरगा दिसायला चांगला, पण प्रत्येक फोटोत डोळे अर्धे मिटलेले, हनुवटी गळ्यात घुसलेली, मुठी आवळलेल्या. त्याची खात्री पटली होती की आपला चेहराच फोटोसाठी नाही. मी मात्र त्याच्या डोळ्यांतली चमक मोठी करून पाहिली. बुबुळात दोन पांढरे चौकोन होते, म्हणजे समोरून दोन व्हिडिओचे दिवे. चेहरा मधून फुगल्यासारखा आणि कान मागे गेलेले, म्हणजे फोटो काढणारा तीन-चार फुटांवरून रुंद लेन्स लावून उभा. बाजूला कुणीतरी "हसा की जरा" म्हणत असणार, ते फोटोत दिसत नाही पण ओठांवर दिसतं. तोंडावर दिवा आला की डोळे बारीक होणारच, आणि इतक्या जवळ कॅमेरा आला की माणूस मान मागे घेणारच. चेहरा बिघडला नव्हता, त्याला उभं केलेली जागा बिघडली होती.

त्या जोडप्याला प्री-वेडिंग नको होतं. धुराचे नळे घेऊन शेतात पळायची कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. म्हणून मी म्हटलं, बस्त्याला येते. सांगलीतल्या कापडाच्या दुकानात एक कॅमेरा आणि ३५ मिलिमीटरची एक लेन्स घेऊन तासभर बसले. पहिली वीस मिनिटं दोघंही दर अर्ध्या मिनिटाला माझ्याकडे बघत होते. मी फोटो काढत होते, पण ते ठेवायचे नव्हतेच. कॅमेऱ्याच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून काढायचे. मग आत्याबाईंनी मानपानाच्या साड्यांवरून दुकानदाराशी घासाघीस सुरू केली, गाद्यांवर साड्यांचा ढीग पडला, मुलाच्या हातात कुणीतरी सहा पिशव्या दिल्या. हातात पिशव्या आल्या आणि मुठी सुटल्या. आत्याबाई रागाने उठल्या, चप्पल घातली आणि परत बसल्या, तेव्हा ही दोघं एकमेकांकडे बघून जी हसली तो फोटो पुढे त्यांच्या अल्बमच्या पहिल्या पानावर गेला.

त्यातलं कसब थोडं सांगते, कारण परिचयात तेच लिहायचं आहे. "हसा" म्हटल्यावर ओठ ऐकतात, डोळ्यांभोवतीचा स्नायू बऱ्याचदा ऐकत नाही. खऱ्या हसण्यात तो सहज आकसतो, सांगून हसताना पुष्कळदा नाही, म्हणून सांगून हसलेला फोटो खालून हसरा आणि वरून घाबरलेला दिसतो. शिवाय मोठ्याने हसताना चेहरा वेडावाकडा असतो. चांगला फोटो मिळतो हसू ओसरताना, एक-दोन सेकंदांनी. नवखा फोटोग्राफर तोपर्यंत कॅमेरा खाली घेऊन स्क्रीन बघत असतो.

तर पहिली गोष्ट ही : वीस मिनिटं वाया जाणार हे लिहून टाका. ग्राहक कमी होतील अशी भीती वाटेल, पण लाजऱ्या माणसाला ह्याच वाक्याचा सगळ्यात जास्त धीर येतो. आखडणं हा त्याचा दोष नसून तुमच्या वेळापत्रकाचा भाग आहे, असं त्याला तिथे कळतं.

आता "कॅंडिड" ह्या शब्दाबद्दल. आपल्याकडे दरपत्रकात ती एक वेगळी ओळ झाली आहे : ट्रॅडिशनल फोटो, ट्रॅडिशनल व्हिडिओ, कॅंडिड, सिनेमॅटिक, ड्रोन. त्यामुळे लोकांच्या मनात कॅंडिड म्हणजे मागचं धूसर असलेला महागडा फोटो. आणि कॅंडिडच्या नावाखाली काय चालतं ते तुम्हीही पाहिलं असेल : "कॅमेऱ्याकडे नको, तिकडे झाडाकडे बघा, आता हसा, वहिनी तुम्ही कानात काहीतरी सांगा." लाजऱ्या माणसाला ह्यापेक्षा सरळ उभं राहून काढलेला फोटो परवडला. शब्द ठेवा, लोक तोच शोधतात. पण लगेच पुढे तुमच्या लेखी त्याचा अर्थ काय ते सांगा. माझा अर्थ असा, की विधी चालू असताना मी कुणालाही थांबवत नाही आणि काहीही परत करायला लावत नाही. हार घालताना माझा फोटो चुकला तर तो चुकला. हे पाळणं सोपं नाही. पाळणार नसाल तर लिहू नका.

तिथून येते "प्रत्येक हसू, प्रत्येक अश्रू". माझ्या जुन्या साइटवर "एकही क्षण निसटणार नाही" असं होतं, आणि त्या वाक्याने मला एका वधुपित्यासमोर खाली मान घालायला लावली. अंतरपाट सरकतो ती वेळ आठवा. शेवटचं "तदेव लग्नं" सुरू झालं की सगळे हातातल्या अक्षता सावरतात, "सावधान" होतं, वाजंत्री सुरू होते, आणि त्याच सेकंदाला स्टेजवरचे वीस जण मोबाइल वर करतात. दोघं एकमेकांना बघतात ती नजर तीन-चार सेकंदांची असते. त्या लग्नात माझ्यासमोर मुलीच्या मावसभावाचा हात आला. फोटो आहे, पण त्यात मुलगी नाही, मोबाइलच्या पडद्यावर छोटीशी मुलगी आहे. आज तो फोटो मला आवडतो. वडिलांना तेव्हा आवडला नव्हता, आणि त्यांनी माझंच वाक्य मला वाचून दाखवलं.

मोबाइल आडवा आला नसता तरी ते वाक्य खोटंच होतं. अंतरपाटाशी दोघं समोरासमोर उभे असतात. एका कॅमेऱ्याला एका वेळी एकच चेहरा समोरून दिसतो. दोघांच्या नजरा हव्या असतील तर दोन माणसं समोरासमोरच्या कोपऱ्यांत हवीत : एक नवऱ्याच्या खांद्यामागून नवरीकडे बघणारा, दुसरा उलट. तुमच्याबरोबर सहकारी आहे, म्हणजे हे तुम्हाला जमतं. मग "प्रत्येक क्षण" ऐवजी तेवढंच लिहा. दोन कोपऱ्यांत दोन कॅमेरे असतील, हे वचन तुमच्या हातातलं आहे. क्षण तुमच्या हातातला नाही.

आवाजाबद्दलही असंच. "आमचा कॅमेरा आवाजसुद्धा करत नाही" असं मी एका वर्षी लिहिलं होतं, नवीन कॅमेरा घेतल्याच्या आनंदात. त्याच हंगामात एका हॉलमध्ये लाजाहोमाच्या सगळ्या फोटोंवर आडवे पट्टे आले, फिकट-गडद, फिकट-गडद. आपली वीज ५० हर्ट्झची. त्यावरचे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते दिसत नाही. पण आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बहुतेक कॅमेऱ्यांत चित्र एकेका ओळीने वाचतं, त्यामुळे काही ओळी तेज प्रकाशात आणि काही मंद प्रकाशात वाचल्या जातात. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर मला ते कळलं नाही, घरी कळलं. आता हॉलमध्ये गेल्या गेल्या पांढऱ्या भिंतीचा किंवा टेबलाच्या चादरीचा एक फोटो काढून तो मोठा करून बघते. पट्टे दिसले तर मुकाट्याने आवाजाचं शटर लावते आणि वेग १/१०० वर आणते. अक्षता थोड्या ओघळल्यासारख्या येतात, चेहरे स्वच्छ येतात. स्टेजमागे एलईडीची भिंत असली तर तिचा वेग आणखी वेगळा असतो, तिथे आधी करून बघण्यावाचून इलाज नाही. सांगायचा मुद्दा, आवाज येणार नाही असं वचन देता येत नाही. लांब उभे राहू, हे देता येतं. मी विधींच्या वेळी ८५ मिलिमीटरची लेन्स लावून दहा-बारा फुटांवर असते. छातीपर्यंतचा फोटो तेवढ्या अंतरावरून छान येतो आणि कोपर कुणाला लागत नाही.

"नैसर्गिक प्रकाश" हे तुम्ही लिहिलेलं नाही, लिहूही नका. दुपारी साडेबाराचा मुहूर्त, वर लाल-पिवळ्या कापडाचा मांडव, मग नवरीच्या कपाळावर कुंकवापेक्षा मांडवच जास्त दिसतो.

ह्यापुढची गोष्ट परिचयात कुणीच लिहीत नाही, आणि मुली ती मला फोनवर चाचरत विचारतात : नवरीच्या खोलीत कोण येणार? तुमच्या साइटवर ती सहकारी कुठेच नाही. केवढी चूक! तयारीचे फोटो म्हणजे कुंकू, मुंडावळ्या, बांगड्या, आईने सारख्या केलेल्या निऱ्या. कॅंडिडचं निम्मं सोनं तिथे असतं. आणि तिथेच अनोळखी पुरुष दारात उभा राहिला की खोलीतल्या सगळ्या बायका पदर सावरून गप्प होतात. आत फक्त ती जाते, आणि बोलावल्यावरच जाते, हे स्पष्ट लिहा. तिची परवानगी घेऊन तिचा फोटोही लावा.

आणि हा परिचय फक्त ती दोघं वाचत नाहीत. मुलगी लिंक वडिलांना पाठवते, पैसे बहुधा तेच देतात, आणि त्यांना प्रश्न पडतो की हा पोरगा कोपऱ्यात उभा राहून फुलांचेच फोटो काढत बसला तर मामा-मामींचे फोटो कोण काढणार? घरच्यांचे फोटो नीट उभं करून काढणार आहात हे एका वाक्यात सांगा. त्याला किती वेळ तेही सांगा. मी घरच्यांकडून आधी यादी घेते आणि त्यांच्यातलाच एक खणखणीत आवाजाचा माणूस मागते, जो "पुण्याचे काका, या!" अशी हाक मारेल. अर्ध्या तासात पंधरा गट होतात. यादी नसली की दीड तास जातो, पंगत खोळंबते, आणि सकाळपासून मोकळे झालेले दोन चेहरे पुन्हा आखडतात.

एवढं सगळं धरून, तुमच्या जागी मी असते तर असं लिहिलं असतं :

"लग्नाच्या दिवशी फोटोसाठी तुम्हाला उभं राहावं लागेल ते साधारण अर्धा तास. बाकीचा वेळ तुम्ही लग्न करा.

मी आणि माझी सहकारी, असे दोघंच येतो. विधी चालू असताना दहा-बारा फूट लांब असतो. 'इकडे बघा', 'पुन्हा एकदा हार घाला' असं म्हणत नाही. व्हिडिओवाले दुसरे असतील तर त्यांच्याशी दिव्यांबद्दल आधीच बोलून घेतो. नवरीच्या खोलीत फक्त माझी सहकारी जाते, तेही तुम्ही बोलावल्यावर.

फोटोत आपण अवघडलेले दिसतो असं वाटतं? मग लग्नाआधी तासभर भेटू. बस्त्याला, पत्रिका आणायला, नाहीतर घरी चहाला. पहिली २० मिनिटं तुमचं लक्ष कॅमेऱ्याकडेच असेल. ती तशीच जाऊ देऊ. ह्या भेटीचे वेगळे पैसे नाहीत.

अंतरपाट सरकेल तेव्हा एक कॅमेरा नवरीकडे असेल आणि एक नवऱ्याकडे. घरच्यांचे फोटो नीट उभं करून काढतो. यादी तुम्ही द्या.

एका दिवसाच्या लग्नाचे ४०० च्या आसपास निवडलेले फोटो सहा आठवड्यांत देतो. ड्रोन नाही."

शेवटी तुमचा दर, "इतक्यापासून पुढे" असा. आकडे तुमचे तुम्ही बदला. तुम्हाला आठ आठवडे लागत असतील तर आठच लिहा. "रेट काय?" एवढाच फोन येतो, कारण आत्ताच्या पानावर विचारण्यासारखं दुसरं काही सापडत नाही. दर लिहिला की ते फोन कमी होतील, आणि जे येतील ते वेगळं काहीतरी विचारायला येतील.

पहिलं वाक्य तेच ठेवा. लोक हे पान मोबाइलवर, बहुतेक वेळा इन्स्टाग्रामवरून येऊन बघतात. वर तुमचं नाव आणि एक फोटो आला की खाली दोन-तीन ओळींचीच जागा उरते. अर्धा तास हा आकडा तिथे दिसला पाहिजे.

वरचा फोटो कुठला लावायचा? तुमचा सगळ्यात देखणा फोटो लावायचा मोह होईल. लावू नका. देखण्या जोडप्याचा संध्याकाळच्या उन्हातला फोटो पाहून लाजरी मुलगी म्हणते, ह्यांचं ठीक आहे, ह्या दिसतातच तशा. तिथे जरा बुटका नवरा, चष्म्यावर अक्षता अडकलेली नवरी, मागे जांभई देणारा करवला, असा फोटो हवा. आमच्यासारख्या माणसांचे फोटो हा चांगले काढतो, हे तिला दिसलं पाहिजे.

फक्त तो लावण्याआधी परवानगी घ्या, आणि लेखी घ्या. आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की बटण मी दाबलं म्हणजे फोटो माझा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वेगळं सांगतं : कुणी पैसे देऊन सांगितल्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे जोडप्याचा किंवा त्यांच्या घरच्यांचा. माझ्या करारपत्रात ह्यासाठी वेगळी ओळ आहे आणि तिच्यापुढे हो किंवा नाही असे दोन चौकोन आहेत. "नाही" वर खूण केली तरी दर तोच राहतो, हे मी तोंडाने सांगते. लाजऱ्या जोडप्यांत निम्मी "नाही" म्हणतात, आणि म्हणूनच तुमच्या साइटवर तुमचं सगळ्यात चांगलं काम कधीच दिसणार नाही. त्याची सवय करून घ्या. एखादं जोडपं फक्त हातांचे किंवा पाठमोरे फोटो चालतील म्हणतं, तेही घ्या. मेंदी लावलेल्या हाताने घट्ट धरलेला उपरण्याचा शेव खूप काही सांगतो.

राहता राहिला खालचा फॉर्म. नाव, तारीख, ठिकाण, आणि "तुमचा संदेश" असा रिकामा चौकोन असेल. लाजरा माणूस त्या चौकोनात काय लिहिणार? "रेट काय", दुसरं काय. त्या जागी लिहा : "तुमचा न आवडलेला एक फोटो व्हॉट्सॅपवर पाठवा." माझ्याकडे असे फोटो येतात तेव्हा मी उत्तर द्यायची घाई करत नाही. आधी डोळ्यांतली चमक बघते, दिवा कुठे होता ते कळतं. मग हात बघते, रिकामे होते का. मग नाक आणि कान बघते, कॅमेरा किती जवळ होता ते कळतं. आणि फोन करून तेवढंच सांगते : "तुमच्या डाव्या बाजूला दिवा फार जवळ होता, म्हणून तुम्ही डोळे मिटलेत." पलीकडे थोडा वेळ शांतता असते, आणि मग बहुतेक वेळा पुढचा प्रश्न तारखेचा असतो.